अ‍ॅडॅप्टिव्ह परीक्षेचा स्कोअर वाचताना या चुका टाळा

दारव्हा असो की आर्वी, आपल्याकडच्या मुलांना कॉम्प्युटरवरची परीक्षा म्हटलं की एमएचटी-सीईटी आठवते. तिथे शिफ्टनुसार पेपर बदलतो, पण तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न बदलत नाही, म्हणजे ती अ‍ॅडॅप्टिव्ह नाही. आयआयएमच्या कॅटचं नाव फसवं आहे, कारण अ‍ॅडॅप्टिव्ह परीक्षेलाही इंग्रजीत कॅट म्हणतात, पण तीही अ‍ॅडॅप्टिव्ह नाही. जीमॅट मात्र आहे, आणि सीईटीची सवय घेऊन जीमॅटला बसलं की पुढचे घोटाळे होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे किती बरोबर आले ते मोजत बसणं. कापसाचं गाठोडं पारड्यात टाकल्यावर दुसऱ्या बाजूला आपण वजनं बदलत जातो. पारडी बरोबरीला यायला लागली की वजन कळतं. पाच किलोच्या गाठोड्यासमोर शंभर ग्रॅम ठेवून काहीच कळत नाही. परीक्षेचंही तसंच आहे. प्रश्न तुमच्या पातळीचा असेल तर तो सुटण्याची शक्यता साधारण निम्मी असते, आणि असाच प्रश्न तुमच्याबद्दल सर्वांत जास्त सांगतो. फारच सोपा प्रश्न तुम्ही सोडवणार हे आधीच ठाऊक असतं. म्हणून बरोबर आलं की कठीण, चुकलं की सोपं, असं करत मशीन तुमच्या पातळीजवळ येते. हुशार मुलाचेही बरेच प्रश्न चुकणं हा त्याचाच परिणाम.

समजा एका मुलीला आणि एका मुलाला 20-20 प्रश्न आले आणि दोघांचेही 12 बरोबर, 8 चूक. पहिलीच्या प्रश्नांची सरासरी कठीणता 0.8, दुसऱ्याची उणे 0.6. या मापावर शून्य म्हणजे मध्यम प्रश्न. सगळ्यात साध्या मॉडेलचा अंदाज असा निघतो:

```
पातळी ≈ सरासरी कठीणता + ln(बरोबर ÷ चूक)
ln(12 ÷ 8) ≈ 0.4
पहिली: 0.8 + 0.4 = 1.2
दुसरा: -0.6 + 0.4 = -0.2
```

उत्तरं तेवढीच बरोबर, पण पातळीत जमीन-अस्मानाचा फरक. खऱ्या परीक्षेचं गणित याहून गुंतागुंतीचं असतं, तत्त्व मात्र हेच. उलट बाजूही बघा: 20 पैकी 15 आले म्हणून खूश होणाऱ्याला सोपेच प्रश्न मिळालेले असू शकतात.

दुसरी चूक परीक्षा चालू असतानाच होते. मध्येच सोपा प्रश्न आला की मुलं धसका घेतात, ‘गेला मागचा’. या अंदाजावर विसंबता येत नाही. मशीनला प्रत्येक विषयाचा ठरावीक वाटा पाळावा लागतो, त्यामुळे कधी हव्या त्या कठीणतेचा प्रश्न बाजूला राहतो. एकच प्रश्न सगळ्यांना जाऊ नये म्हणून योग्य अशा अनेक प्रश्नांतून एक निवडला जातो. शिवाय काही प्रश्न फक्त तपासणीसाठी घातलेले असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, आणि ते कोणते हे कळायला मार्ग नाही. एवढं सगळं बाजूला ठेवलं तरी टक्केवारीत तुमचा हात बसलेला असेल तर कठीण गणितही सोपं भासणारच.

‘पहिले आठ-दहा प्रश्नच स्कोअर ठरवतात’ हा क्लासमध्ये ऐकू येणारा सल्ला अर्धवट आहे. सुरुवातीला अंदाज मोठ्या उड्या मारतो हे खरं, पण पुढचे प्रश्न तो दुरुस्तही करतात. जीमॅटच्या क्वांटमध्ये 45 मिनिटांत 21 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटांच्या जरा वर. पहिल्या सातांना चार-चार मिनिटं दिली तर उरलेल्या चौदांना 17 मिनिटं राहतात. मग शेवटचे प्रश्न राहून जातात आणि अपुऱ्या सेक्शनचा दंड बसतो. अडलेल्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्या, खूण करा आणि पुढे जा. सगळे प्रश्न झाल्यावर वेळ उरला तर सेक्शनमधली तीन उत्तरं बदलता येतात.

जीआरई वेगळी. तिथे प्रश्नागणिक बदल होत नाही. पहिल्या सेक्शनवरून दुसऱ्या सेक्शनची कठीणता ठरते, आणि सेक्शनमध्ये मागेपुढे जाता येतं. जीमॅटचे डावपेच तिथे लावू नका.

मॉकचा स्कोअर 555 वरून 585 झाला की मिठाई वाटायची घाई नको. वरच्याच साध्या मॉडेलमध्ये, सगळे प्रश्न अगदी पातळीचे मिळाले तरी, 20 प्रश्नांवरून काढलेल्या पातळीत जवळपास 0.45 ची चूक राहते. एकूण स्कोअर दहाच्या पायऱ्यांनी सरकतो, त्यामुळे दोन-तीन पायऱ्यांची चढउतार अभ्यास न वाढवताही होते. तीन मॉकचा कल बघा.

मॉक कसा दिला तेही तपासा. छापील पुस्तकातले प्रश्न अ‍ॅडॅप्टिव्ह नसतात, तिथली टक्केवारी जीमॅटच्या स्कोअरशी जोडता येत नाही. मध्येच लाइट गेली आणि तेवढ्या वेळात प्रश्न वहीत सुटला, तर तो स्कोअर धरू नका. तीच मॉक दुसऱ्यांदा देताना तीन-चार प्रश्न ओळखीचे निघाले, तरीही नको: आठवणीतल्या उत्तरांनी मशीन तुम्हाला वरच्या पातळीवर नेते, आणि मग तिथल्या खऱ्या कठीण प्रश्नांना सामोरं जावं लागतं. त्या मॉकमधून फक्त चुकलेले प्रश्न उचला.