सुपरॅन्युएशनचे पैसे: एकरकमी किती, पेन्शनला किती, आणि ते फंडाला पत्राने कसे कळवावे

खासगी कंपनीत किंवा कारखान्यात बरीच वर्षे नोकरी झालेल्यांना पीएफ आणि ग्रॅच्युइटी माहीत असते. पण पगारपत्रकावर 'सुपरॅन्युएशन' असा एक रकाना असतो, त्याची आठवण निवृत्तीच्या महिन्यात एचआरचा फॉर्म हातात पडल्यावर होते. हा निधी कंपनीचे विश्वस्त मंडळ सांभाळते आणि पैसा बहुतेक ठिकाणी एलआयसीकडे किंवा दुसऱ्या विमा कंपनीकडे असतो. निवृत्त होताना त्यातला काही भाग रोख मिळतो आणि उरलेल्याची ॲन्युइटी, म्हणजे तहहयात पेन्शन, विकत घ्यावी लागते. कोणता भाग किती आणि पेन्शन कोणत्या प्रकारची, हे तुम्ही लेखी कळवायचे असते. ॲन्युइटी एकदा सुरू झाली की प्रकार बदलता येत नाही, म्हणून हे पत्र घाईत लिहू नका.

आधी माहिती मागवा

निवृत्तीच्या तीनेक महिने आधी विश्वस्तांना एक छोटे पत्र द्या आणि तीन गोष्टी मागा: खात्यातली आजची शिल्लक, निधीच्या नियमावलीतले पैसे काढण्यासंबंधीचे पान, आणि विमा कंपनीचे ॲन्युइटीचे कोटेशन. कोटेशन एकाच रकमेवर आणि एकाच तारखेचे, पण तीन-चार प्रकारांचे हवे. वेगवेगळ्या महिन्यांतले दर शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी ठरते, कारण दर बदलत राहतात. ॲन्युइटी दुसऱ्या विमा कंपनीकडून घेता येते का, हेही याच पत्रात विचारून घ्या.

रोख किती मिळेल याची मर्यादा ठरलेली आहे. ग्रॅच्युइटी मिळत असेल तर मान्यताप्राप्त निधीतून एक तृतीयांशपर्यंत रक्कम काढता येते, मिळत नसेल तर निम्म्यापर्यंत. या मर्यादेतल्या रकमेवर प्राप्तिकर नाही. पेन्शन मात्र दरवर्षी उत्पन्नात धरली जाते आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे तिच्यावर कर लागतो. त्यामुळे करमुक्त हिस्सा पूर्ण घ्यावा असे माझे मत आहे. तो पैसा लगेच नको असला तरी तो तुमच्या ताब्यात राहतो आणि आजारपणात तोच उपयोगी पडतो.

इथे एक गैरसमज हमखास होतो. सरकारी नोकरीतल्या नातेवाइकाने पेन्शन विकलेली असते आणि १५ वर्षांनी ती त्याला पूर्ववत मिळू लागते. सुपरॅन्युएशनमध्ये तसे काही नाही. रोख घेतलेल्या हिश्श्याची पेन्शन पुढे कधीच सुरू होत नाही.

मग प्रकार ठरवा

एक उदाहरण घेऊ. नवरा ६० वर्षांचा, बायको ५५ ची, तिला स्वतःची पेन्शन नाही. निधीत ३६ लाख आहेत आणि ग्रॅच्युइटी मिळणार आहे. म्हणजे १२ लाख रोख आणि २४ लाखांची ॲन्युइटी. खालचे दर हिशेबापुरते मानलेले आहेत, तुमच्या कोटेशनवरचे वेगळे असतील.

फक्त नवऱ्याच्या हयातीपर्यंतची पेन्शन ८ टक्क्यांनी धरली तर महिना १६,००० रुपये येतात. तो गेला की सगळे संपते, घरच्यांना काही मिळत नाही. त्याच्यानंतर बायकोला तितकीच पेन्शन, या प्रकाराला ७ टक्के धरले तर १४,००० येतात. आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर मूळ २४ लाख वारसाला परत, या प्रकाराला ६.५ टक्के धरले तर १३,०००.

मूळ रक्कम परत मिळणारा प्रकार लोकांना फार आवडतो, कारण पैसे बुडत नाहीत असे वाटते. पण पहिल्या प्रकाराच्या तुलनेत त्यात महिन्याला ३,००० कमी मिळतात, वर्षाला ३६,०००. हे ३६,००० दरवर्षी ६.५ टक्क्यांनी बाजूला साठवले असते, तर कर सोडून २४ लाख व्हायला सुमारे २७ वर्षे लागली असती. म्हणजे नवरा ८७ च्या आत गेला तर परताव्याचा प्रकार फायद्याचा, त्यापुढे जगला तर तोट्याचा. हिशेब असा आहे खरा, पण या घरात निर्णय त्यावर होऊ नये. परताव्याच्या प्रकारात नवरा गेल्यावर पेन्शन बंद होते आणि २४ लाख एकदम हातात येतात. साठी-सत्तरीच्या बाईला ते कुठे गुंतवायचे हा प्रश्न पडतो, आणि सल्ला द्यायला सगळे पुढे येतात. तिच्या नावावर दरमहा १४,००० जमा होत राहणे मला अधिक सुरक्षित वाटते. बायकोला स्वतःची पेन्शन असती तर माझे उत्तर वेगळे असते. त्यामुळे कोटेशन तिच्यासमोर ठेवा आणि दोघांनी मिळून ठरवा.

पत्रात अंदाजाला जागा ठेवू नका

'नियमाप्रमाणे देय रक्कम द्यावी' असे लिहिलेले पत्र टेबलावर पडून राहते, नाहीतर कारकून त्याच्या समजुतीने प्रकार भरतो. रोख हिस्सा रुपयांत नव्हे, अपूर्णांकात लिहा. शेवटच्या महिन्याची वर्गणी आणि व्याज बहुधा निवृत्तीनंतर जमा होते. तुम्ही १२ लाख लिहिलेत आणि शिल्लक वाढली, तर करमुक्त हिश्श्यातले काही पैसे विनाकारण ॲन्युइटीत जातात.

पत्र असे लिहावे:

> प्रति,
> मा. विश्वस्त, कर्मचारी सुपरॅन्युएशन निधी
>
> विषय: निवृत्तीनंतर एकरकमी हिस्सा व पेन्शनचा प्रकार कळवण्याबाबत
>
> महोदय,
> मी दि. … रोजी वयाची ६० वर्षे पूर्ण करून निवृत्त होत आहे. माझा कर्मचारी क्रमांक … असून मला ग्रॅच्युइटी देय आहे.
>
> १. शेवटची वर्गणी व व्याज जमा झाल्यानंतरच्या एकूण शिलकीपैकी एक तृतीयांश रक्कम मला एकरकमी द्यावी.
> २. उरलेल्या दोन तृतीयांश रकमेतून माझ्या हयातीपर्यंत व माझ्यानंतर माझ्या पत्नीला तिच्या हयातीपर्यंत १०० टक्के पेन्शन, हा प्रकार घ्यावा. मूळ रक्कम परत मिळण्याचा पर्याय नको.
> ३. पेन्शन दरमहा द्यावी.
> ४. पत्नीचे नाव … , जन्मतारीख … .
>
> दि. … च्या कोटेशनमधील दर बदलला असल्यास ॲन्युइटी घेण्यापूर्वी मला लेखी कळवावे.
>
> आपला विश्वासू,
> (सही)

प्रकाराचे नाव कोटेशनवर छापले आहे तसेच उतरवा, तिथे क्रमांक असेल तर तोही लिहा. तिसऱ्या मुद्द्याचा विचार करून ठेवा. वार्षिक हप्ता घेतला तर एकूण रक्कम थोडी जास्त दिसते, पण पहिला हप्ता साधारण वर्षभराने येतो. तोपर्यंत घरखर्च कशातून चालवणार, याचे उत्तर नसेल तर दरमहाच घ्या.

सोबत दोघांचे जन्मतारखेचे पुरावे, पॅन, आणि रद्द केलेला चेक जोडा. पत्नीच्या आधारवर आणि पॅनवर नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल तर ती दुरुस्ती आधी करून घ्या. पेन्शनचा दर तिच्या वयावरही ठरतो, आणि तिची पाळी येईल तेव्हा हा घोळ तिला एकटीला निस्तरावा लागेल. पत्र दोन प्रतींत द्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या.

ॲन्युइटीचा दस्तऐवज हातात आला की त्याच दिवशी पत्राच्या प्रतीशी ताडून बघा: प्रकार, खरेदीची रक्कम, पत्नीची जन्मतारीख, पहिल्या हप्त्याची तारीख. काही चुकले असेल तर हप्ता जमा होण्याची वाट न पाहता विश्वस्त आणि विमा कंपनी दोघांनाही लेखी कळवा.