निकालातले दाखले लावताना 'supra' शोधा

नाशिक जिल्हा न्यायालयात भूसंपादनाच्या युक्तिवादाची तयारी करताना मोठा निकाल हाती येतो. त्यातला कोणता दाखला फॉलोड, कोणता डिस्टिंग्विश्ड, कोणता ओव्हररूल्ड, हे वाचता वाचता ठरवायला गेलं की गोंधळ होतो.

१. पीडीएफमध्ये `SCC`, `AIR` आणि ` v. ` शोधून सगळी नावं परिच्छेद क्रमांकासह उतरवा. एकच खटला दोन्ही रिपोर्टरमध्ये असतो, तो एकदाच धरा.

२. आता `supra` शोधा; आधी आलेल्या दाखल्याचा पुन्हा उल्लेख करताना हा शब्द लावतात. पहिला उल्लेख बहुधा वकिलांच्या युक्तिवादात असतो आणि तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. न्यायालयाचं स्वतःचं मत पुढच्या उल्लेखांत सापडतं. नुसता उल्लेखच असेल तर 'फक्त संदर्भ' असा चौथा रकाना ठेवा. बरेच दाखले तिथेच जातात.

३. शेवटचे परिच्छेद स्वतंत्र वाचा. 'इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध मनोहरलाल' (२०२०) या निकालात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुणे महानगरपालिका खटल्यातला स्वतःच्याच न्यायालयाचा २०१४ चा निकाल ओव्हररूल केला, शिवाय तो ज्या निकालांत अनुसरला होता तेही. त्या सगळ्यांची नावं तिथे मिळत नाहीत. म्हणून २०१४ ते २०२० मधला, २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४(२) वरचा दाखला घेताना तो पुणे निकालावर उभा आहे का, ते त्याच्याच मजकुरात तपासा.

उच्च न्यायालयाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचा दाखला 'ओव्हररूल्ड' रकान्यात पडला, तर नोंद चुकली आहे किंवा तो सर्वोच्च न्यायालयानेच आधी ओव्हररूल केलेला आहे.