स्वर एकरूप होत आहेत का, हे मोजण्यापूर्वीची तयारी

न्यूझीलंडमधील इंग्रजीत ज्येष्ठ पिढी ‘चिअर’ आणि ‘चेअर’, ‘बिअर’ आणि ‘बेअर’ हे शब्द वेगळे उच्चारत असे, तर त्यानंतरच्या पिढ्यांतील अनेकांच्या तोंडी या जोड्यांतील दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. दोन संयुक्त स्वर असे हळूहळू एक होत जाण्याला विलीनीकरण म्हणतात. ते कोणत्या वयोगटात कुठवर पोचले आहे हे ध्वनिमुद्रणांवरून मोजायचे असेल, तर बहुतेक निर्णय मोजणी सुरू होण्याआधीच घ्यावे लागतात. पुढील यादी याच एका उदाहरणाला धरून केली आहे. मोजायचे असतात ते फॉर्मंट, म्हणजे मुखपोकळीच्या आकारामुळे आवाजातील ज्या कंप्रता ठळक होतात त्या. जीभ जितकी वर, तितका पहिला फॉर्मंट खाली येतो, आणि जीभ जितकी पुढे, तितका दुसरा फॉर्मंट वर जातो. ‘चिअर’चा आरंभ ‘चेअर’च्या आरंभापेक्षा उंच असल्यामुळे या प्रकरणात मुख्य लक्ष स्वराच्या आरंभीच्या पहिल्या फॉर्मंटवर ठेवावे लागते.

पहिली तयारी माणसांची. ‘तरुण’ आणि ‘वृद्ध’ असे दोन ढोबळ गट करण्याऐवजी प्रत्येक वक्त्याचे जन्मवर्ष नोंदवावे, कारण आज सत्तर वर्षांच्या असलेल्या व्यक्तीचे स्वर तिच्या तरुणपणीच्या भाषेची साक्ष देतात, या गृहीतकावरच वयोगटांची सगळी तुलना उभी असते. हे गृहीतक नेहमीच खरे ठरत नाही. काही उच्चार दर पिढीतील माणसे तरुणपणी करतात आणि पुढे सोडून देतात, आणि एकाच वेळी केलेल्या ध्वनिमुद्रणांतून हा प्रकार खऱ्या भाषाबदलापासून वेगळा काढता येत नाही. म्हणून जुन्या काळातील तुलनायोग्य सामग्री उपलब्ध आहे का, हे आधीच शोधावे. या बाबतीत न्यूझीलंडचे अभ्यासक भाग्यवान आहेत. एलिझाबेथ गॉर्डन आणि मार्गरेट मॅकलॅगन यांनी १९८३ पासून दर पाच वर्षांनी ख्राइस्टचर्चमधील चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांचे उच्चार नोंदवले. वय तेच आणि काळ मात्र पुढे सरकत जाणारा, अशी ही मांडणी असल्याने बदल वयाचा नसून काळाचा आहे, हे तिच्यातून थेट तपासता येते.

दुसरी तयारी ध्वनिमुद्रणाच्या साधनांची असून वयोगटांच्या अभ्यासात ती विशेष काटेकोरपणे करावी लागते, कारण वृद्धांचे मुद्रण एका यंत्रावर आणि तरुणांचे दुसऱ्यावर झाले, तर यंत्रांमधील फरक पिढ्यांमधील फरक म्हणून समोर येतो. जुन्या टेलिफोन वाहिनीचे उदाहरण पाहावे. तिच्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो आणि ‘चिअर’च्या आरंभीचा पहिला फॉर्मंट नेमका या पट्ट्याच्या खालच्या सीमेजवळ असतो. तो कापला गेल्यामुळे मोजणीत खऱ्यापेक्षा वरचा दिसतो. ‘चेअर’च्या फॉर्मंटला मात्र तेवढा धक्का लागत नाही, त्यामुळे दोन स्वरांमधील अंतर कमी झाल्यासारखे भासते. तरुणांच्या मुलाखती फोनवरून आणि ज्येष्ठांच्या समोरासमोर घेतल्या असतील, तर विलीनीकरण मुळात नसतानाही सापडेल! म्हणून सर्वांसाठी एकच मायक्रोफोन, तोंडापासून सारखे अंतर आणि न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल हे ठरवून घ्यावे. जुनी संग्रहित मुद्रणे वापरायचीच असतील, तर ज्यांच्यात बदल अपेक्षित नाही असे दोन-तीन स्वरही त्यांतून मोजावेत. तेही सरकलेले आढळले, तर दोष मुद्रणाचा आहे असे समजावे.

तिसरी तयारी शब्दांची आहे, आणि माझ्या मते निष्कर्षाचे खरेखोटेपण इतर कोणत्याही टप्प्यापेक्षा इथे अधिक ठरते. मोकळ्या गप्पांमध्ये या दोन स्वरांचे शब्द सारख्या प्रमाणात येत नाहीत. ‘चिअर’च्या गटात ‘यिअर’ आणि ‘हिअर’ यांची रेलचेल असते, तर ‘चेअर’च्या गटात ‘व्हेअर’ आणि ‘देअर’ यांची. ‘यिअर’मधील आरंभीचा ‘य’ दुसरा फॉर्मंट वर ओढतो आणि ‘व्हेअर’च्या आरंभी ओठ गोल होत असल्याने तो खाली येतो. ज्या वक्त्याचे दोन्ही स्वर पूर्णपणे एक झालेले आहेत, त्याचेही असे शब्द आलेखावर मांडले तर दोन वेगळे पुंजके दिसतील, पण तो वेगळेपणा शेजारच्या व्यंजनांनी आणलेला असेल. म्हणून मुलाखतीबरोबरच वाचनासाठी अशी यादी तयार करावी, जिच्यात प्रत्येक व्यंजनानंतर दोन्ही स्वर येतात: ‘चिअर–चेअर’, ‘बिअर–बेअर’, ‘हिअर–हेअर’, आणि व्यंजनाविना ‘इअर–एअर’. जोडीतील शब्द शेजारीशेजारी ठेवू नयेत. ते विखरून, अधूनमधून असंबंधित शब्द घालून लिहावेत. दोन शब्द लागोपाठ दिसले की वाचणाऱ्याला परीक्षा कशाची आहे ते कळते, आणि मग तो रोज करत नसलेला फरक मुद्दाम करतो किंवा रोज करत असलेला फरक विसरतो.

गप्पांमधील शब्द घेताना आणखी एक दक्षता घ्यावी. ‘हिअर इज’ अशा ठिकाणी, पुढील शब्द स्वराने सुरू होत असल्यामुळे, एरवी न उच्चारला जाणारा ‘र’ मध्ये येतो आणि स्वराचा उत्तरार्ध बदलून टाकतो. असे उच्चार वेगळी खूण करून बाजूला ठेवावेत. प्रत्येक स्वराचे किमान किती उच्चार हवेत, हा आकडा पुढच्या गणितावरून ठरत असल्याने त्याची चर्चा तिथेच केली आहे.

चौथी तयारी मोजण्याच्या जागेची. लिखित संहिता आणि ध्वनी यांची स्वयंचलित जुळणी करणारी साधने स्वराच्या सीमा झटपट आखून देतात, परंतु त्यांपैकी अनेकांचा उच्चारकोश अमेरिकन इंग्रजीचा असल्यामुळे ती प्रत्येक शब्दाच्या शेवटी ‘र’ शोधतात आणि जिथे तो नाही तिथे स्वराचाच काही भाग त्याला देऊन टाकतात. म्हणून कोश आधी दुरुस्त करावा आणि प्रत्येक वक्त्याच्या काही सीमा स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजातील कंप्रता वेळेनुसार दाखवणाऱ्या चित्रावर, स्वतः पाहून घ्याव्यात. हा संयुक्त स्वर असल्याने मध्यबिंदूवर एकच माप घेणे पुरेसे नाही. मध्यापर्यंत जीभ आधीच खाली घसरू लागलेली असते आणि तिथे दोन्ही स्वर एकमेकांच्या जवळ असतात. स्वराच्या कालावधीच्या २०, ३५, ५०, ६५ आणि ८० टक्क्यांवर मापे घ्यावीत आणि मुख्य तुलनेसाठी यांपैकी कोणता बिंदू धरायचा हे निकाल पाहण्याआधी लिहून ठेवावे.

प्राट या प्रणालीत पाच फॉर्मंट शोधण्यासाठी वरची मर्यादा स्त्रियांच्या आवाजाला सुमारे ५५०० आणि पुरुषांच्या आवाजाला सुमारे ५००० हर्ट्झ ठेवण्याची रीत आहे, तरी ती प्रत्येक वक्त्यासाठी पडताळावी. उंच पुढच्या स्वरात पहिला आणि दुसरा फॉर्मंट एकमेकांपासून फार दूर असतात. त्या रिकाम्या जागेत यंत्राला कधीकधी नसलेला फॉर्मंट सापडतो आणि खरा दुसरा फॉर्मंट तिसरा म्हणून नोंदला जातो. आलेखावर एखादा ‘चिअर’ अचानक मागच्या स्वरांमध्ये जाऊन बसलेला दिसला, तर कारण बहुधा हेच असते. असे बिंदू स्पेक्ट्रोग्रामवर तपासून दुरुस्त करावेत, पण तपासताना शब्द कोणता आणि वक्ता किती वर्षांचा हे झाकलेले असावे. दिसणारा बिंदू आपल्या अपेक्षेत बसत नाही एवढ्या कारणाने तो वगळण्याचा मोह सर्वांनाच होतो.

पाचवी तयारी गणिताची. प्रत्येक वक्त्याच्या दोन पुंजक्यांमधील अंतर एका आकड्यात सांगण्यासाठी पिल्लै गुण वापरला जातो. जेनिफर हे, पॉल वॉरन आणि केटी ड्रेगर यांनी २००६ मध्ये नेमक्या याच न्यूझीलंडच्या स्वरांसाठी तो वापरला आणि पुढे तो रूढ झाला. शून्याजवळचा गुण म्हणजे पुंजके एकमेकांत मिसळलेले आणि एकाजवळचा म्हणजे पूर्ण विभक्त. आर प्रणालीत एका वक्त्यासाठी तो असा काढतात:

```r
m <- manova(cbind(F1, F2) ~ vowel, data = d)
summary(m, test = "Pillai")
```

या गुणाचा एक गुणधर्म आधी समजून घ्यावा. दोन्ही स्वर खरोखर एकच असले, तरी योगायोगानेच सरासरी २ भागिले ‘एकूण उच्चार वजा १’ एवढा गुण येतो. पाच-पाच उच्चार असतील तर ही पातळी ०.२२ असते आणि तीस-तीस असतील तर ०.०३. समजा, तीन वक्त्यांचे गुण असे आले: वृद्ध वक्ता, तीस-तीस उच्चार, गुण ०.४५, मध्यमवयीन, बारा-बारा उच्चार, गुण ०.२०, तरुण, आठ-आठ उच्चार, गुण ०.१३. वरवर पाहता ही सावकाश उतरत जाणारी रांग वाटते. योगायोगाची पातळी मात्र अनुक्रमे ०.०३, ०.०९ आणि ०.१३ आहे. म्हणजे वृद्ध वक्ता स्वर निश्चितपणे वेगळे ठेवतो आणि तरुणाचा गुण विलीन स्वरांतून अपेक्षित असतो तेवढाच आहे. मध्यमवयीन वक्त्याविषयी ठामपणे काही म्हणता येत नाही, कारण चोवीस उच्चारांवर ०.२० हा गुण विलीन स्वरांतूनही साधारण दहांतून एकदा येऊ शकतो. म्हणून प्रत्येक स्वराचे उच्चार सर्व वक्त्यांसाठी जवळपास सारखे आणि शक्य तर तीसच्या आसपास मिळतील एवढे मुद्रण करावे. वृद्ध माणसे मोकळेपणाने तासभर बोलतात आणि किशोरवयीन मुले दहा मिनिटांत थांबतात. ही साधी गोष्टही लक्षात न घेतल्यास आकड्यांमध्ये वयाचा खोटा परिणाम शिरतो.

वक्त्याच्या आतली तुलना करताना हर्ट्झमधील मापे लोबानोव्ह पद्धतीने समायोजित करण्याची, म्हणजे वक्त्यांच्या मुखाच्या आकारातील फरक मापांतून काढून टाकण्याची, गरज नसते, कारण त्या समायोजनाने पिल्लै गुण बदलत नाही. विलीनीकरण कोणत्या दिशेने झाले, म्हणजे ‘चेअर’ वर चढला की ‘चिअर’ खाली उतरला, हे पिढ्यांमध्ये ताडून पाहायचे असेल तेव्हा मात्र समायोजन अटळ असते, आणि त्यासाठी वक्त्याचे केवळ हे दोन नव्हे तर सगळे स्वर मोजलेले असावे लागतात. ते मुद्रणाच्या यादीत पहिल्या दिवसापासून असतील असे पाहावे.

शेवटची तयारी ऐकणाऱ्यांची. मुद्रण संपल्यावर वक्त्याला जोडीतील शब्द त्याला सारखे वाटतात का, हे विचारून त्याचे उत्तर मोजमापापासून वेगळे नोंदवावे. स्वतः फरक करत असूनही तो ऐकू न येणारी माणसे असतात, हे भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक भाषिक समाजांत दाखवले आहे, आणि बदलाच्या मधल्या टप्प्यावरील पिढीत अशी माणसे भेटण्याची विशेष शक्यता असते. कानाने उच्चारांचे वर्गीकरण करणाऱ्या सहकाऱ्यांना वक्त्याचे वय, छायाचित्र किंवा नाव देऊ नये. वर उल्लेखलेल्या २००६ च्या अभ्यासात, तोच आवाज वृद्धाच्या की तरुणाच्या छायाचित्राबरोबर ऐकवला यावर श्रोत्यांची शब्द ओळखण्याची अचूकता बदलली होती. त्यामुळे ध्वनिफितींना वयाचा सुगावा न देणारे क्रमांक द्यावेत, वयोगट एकमेकांत मिसळून त्या ऐकवाव्यात आणि क्रमांकांची किल्ली वर्गीकरण पूर्ण होईपर्यंत त्या कामात नसलेल्या व्यक्तीकडे ठेवावी.