यूपीआय पिन विसरलात? नंबर शोधू नका, डेबिट कार्ड काढा

विसरलेला यूपीआय पिन तुम्हाला कुणीही सांगू शकत नाही. गूगल पे, फोनपे, भीम यांच्याकडे तो नसतोच. तो तपासते तुमची बँक, आणि बँकेतल्या कर्मचाऱ्यालाही तो दिसत नाही. म्हणजे जुना पिन परत मिळत नाही, नवा बसवावा लागतो, आणि ते काम तुमच्याच फोनवर, तुमच्याच सिमवर होतं. ‘कस्टमर केअरला फोन लावा, ते करून देतात’ हा सल्ला देणारे बरेच भेटतात. तो ऐकू नका. या कामात फोन लावण्याची पायरीच नाही.

आधी नक्की काय विसरलंय ते बघा. ॲप उघडताना जे मागितलं जातं ते फोनचं लॉक किंवा त्या ॲपचा पासकोड. पैसे पाठवताना बँकेचं नाव दाखवून ४ किंवा ६ आकडे मागितले जातात, तो यूपीआय पिन. तो आठवत नसेल तर अंदाज लावत बसू नका. तीनदा चुकला की बहुतेक बँका साधारण २४ तास व्यवहार अडवून ठेवतात.

रीसेटची सुरुवात सोपी आहे. ॲपमध्ये प्रोफाइल फोटोवर टिचकी मारा, बँक खात्यांच्या यादीतून खातं निवडा आणि ‘Forgot UPI PIN’ किंवा ‘Reset UPI PIN’ दाबा. डेबिट कार्डाचा पर्याय निवडून कार्ड नंबरचे शेवटचे ६ आकडे आणि कार्डावरची मुदत, म्हणजे महिना आणि वर्ष, भरा.

लोक अडकतात ते पुढच्या पानावर. हे पान कुठलंही ॲप असलं तरी जवळपास सारखंच दिसतं. त्यावर आधी ओटीपीचा रकाना असतो, तो एसएमएस आला की बहुधा आपोआप भरतो. त्याखाली बऱ्याच बँका ‘ATM PIN’ मागतात आणि मग ‘Set UPI PIN’ येतं. घाईत माणूस ‘ATM PIN’च्या जागी मनात ठरवलेला नवा यूपीआय पिन टाकतो आणि सगळंच फसतं. एटीएम पिन म्हणजे मशीनमधून पैसे काढताना दाबता तो जुना पिन. नवा पिन त्याच्या खालच्या रकान्यात टाकायचा, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा. एटीएम पिनही आठवत नसेल तर इथे ठोकताळे मारू नका, कारण तोही चुकून चुकून अडवला जातो. आधी बँकेच्या एटीएमवर जाऊन तो नवा करून घ्या.

ओटीपी आला, एटीएम पिनही बरोबर, तरी जमत नाही? मग कार्ड उलटसुलट करून बघा. बँकेने टपालाने नवं कार्ड पाठवलेलं असतं, ते पाकिटातच पडून असतं आणि तुम्ही जुन्याचे आकडे भरत असता. जुन्याची मुदत संपलेली, नवं अजून सुरूच केलेलं नाही, असं असेल तर दोन्ही चालणार नाहीत. नवं कार्ड आधी सुरू करा. क्रेडिट कार्डाचे आकडे इथे उपयोगाचे नाहीत.

ओटीपीच येत नसेल तर बँकेत नोंदवलेलं सिम याच फोनमध्ये आहे का आणि त्याचा रिचार्ज संपलेला नाही ना, ते बघा. दोन सिमच्या फोनमध्ये बँकेचा नंबर दुसऱ्या, बंद पडलेल्या सिमवर असतो, हे नेहमीचं दुखणं.

कार्डच नसेल तर आधारचा पर्याय आहे. आधारचे पहिले ६ आकडे भरायचे आणि ओटीपीने खात्री द्यायची. पण आधार खात्याला जोडलेलं हवं, आणि बँकेत व आधारमध्ये मोबाइल नंबर एकच हवा. दोन्हीकडे वेगळे नंबर असतील तर हा मार्ग बंद, मग शाखेत जाऊन नंबर दुरुस्त करून घ्यावा लागतो.

एका खात्याला एकच यूपीआय पिन असतो. फोनपेवर बदललात की त्याच खात्यासाठी गूगल पेवरही नवाच चालतो. ‘दुसऱ्या ॲपवर जुना चालेल’ म्हणून प्रयत्न करू नका, तो चुकीचा पिन म्हणूनच मोजला जातो.

आता नंबर शोधण्याबद्दल. वर सांगितलेल्या एखाद्या ठिकाणी अडलं की माणूस गूगलवर ॲपचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ टाकतो. समोर येणारा नंबर कुणी लिहिलाय हे कळायला मार्ग नसतो. तो जाहिरातीतला असू शकतो, कुठल्यातरी पानावर पेरलेला असू शकतो, नाहीतर नकाशावरच्या नोंदीत घुसडलेला. बँकेच्या शाखांचे गूगल मॅप्सवरचे फोन नंबर भामट्यांनी बदलल्याच्या तक्रारी २०१८ मध्येच महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या होत्या.

समजा असा नंबर लागलाच. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, ‘सर, तुमचं व्हेरिफिकेशन करतो’ म्हणतो आणि कार्डाचे शेवटचे ६ आकडे व मुदत विचारतो. नीट बघा, तुमच्या रीसेटला जे लागतं तेच तो मागतोय. पण एक गोष्ट त्याच्याकडे नाही, तुमचं सिम. यूपीआय चालू करताना फोनमधून एक अगम्य अक्षरांचा एसएमएस जातो, त्यावरून नंबर तुमचाच आहे हे ठरतं. म्हणून तो तशा अक्षरांचा मेसेज तुम्हाला पाठवतो आणि म्हणतो, ‘हा या नंबरवर फॉरवर्ड करा.’ तुम्ही केलात की तुमचा नंबर त्याच्या फोनवरच्या ॲपला जोडला जातो. मग तुम्ही ओटीपी सांगता आणि पिन तो बसवतो.

हे जमलं नाही तर तो एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला लावतो, व्हॉट्सॲपवर ॲप बसवणारी एपीके फाइल पाठवतो किंवा ‘तपासणीसाठी १ रुपया पाठवा’ म्हणतो. पिन बसवायला कुणालाही एक पैसासुद्धा पाठवावा लागत नाही. असं काही कानावर पडताच फोन ठेवा. सभ्यपणे निरोप घ्यायच्या भानगडीत पडू नका.

बँकेशी बोलायचंच असेल तर नंबर डेबिट कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्या. संकेतस्थळावरून घ्यायचा तर पत्ता .bank.in ने संपतो का ते बघा, रिझर्व्ह बँकेने बँकांना हाच पत्ता वापरायला सांगितलं आहे. ॲपची तक्रार ॲपमधल्याच मदतीच्या पानावरून करा. या लेखात बँकेचा एकही नंबर मुद्दाम दिलेला नाही. इथलाही नंबर तुम्ही तपासल्याशिवाय लावू नये.

मेसेज फॉरवर्ड झाला, ओटीपी सांगून झाला, तर पैसे जायची वाट बघू नका. लगेच बँकेला सांगून खात्यावरचं यूपीआय बंद करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. स्क्रीन दाखवणारं ॲप घेतलं असेल तर आधी इंटरनेट बंद करून ते काढून टाका आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा.

पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, म्हणजे १९३० ला, फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळेल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. फोन लावण्याआधी व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर, रक्कम आणि वेळ कागदावर लिहून ठेवा. यूटीआर ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो.