५, २५ आणि १२५ नं भागाकार झटपट कसा कराचा (आणि उरलेली मिरची नेमकी किती ते कसं सांगाचं)

आमचं गाव भिवापूरच्या बाजूचं, म्हणजे मिरचीचाच इलाका, आणि आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बाया उन्हाळ्यात तिखट कांडून पुड्या भरतात. हिशोबाची वही माझ्याकडं. पुडी १२५ ग्रॅमची, म्हणजे आपला अदपाव. आता ढीग मोजला, काट्यावर १८ किलो ७३० ग्रॅम भरला, तर पुड्या किती होतील? मोबाईल चार्जिंगला, हात तिखटानं लाल, आणि १२५ चा पाढा कोणाले येते बाप्पा. तर हा भागाकार न करता उत्तर काढायची जी पद्धत आहे ती इथं सांगतो, सोबत आम्ही तिच्यात कुठं फसलो तेही.

मूळ गोष्ट एवढीच आहे की १० नं, १०० नं, १००० नं भागायला काही करावंच लागत नाही, पॉइंट डावीकडं सरकवला की झालं. मग ५, २५, १२५ ले ओढूनताणून तिथं न्यायचं. पाच दुणे दहा. पंचवीस चोक शंभर. आणि सव्वाशे आठ वेळा घेतले की हजार. जुन्या माणसांले सवायकी पाठ असते, त्यांना विचारा, आठ सव्वा दहा, तेच हे, फक्त शंभरपट.

म्हणून ५ नं भागाचं तर आकडा २ नं गुणा आणि पॉइंट एक घर डावीकडं. २५ नं भागाचं तर ४ नं गुणा, पॉइंट दोन घरं. १२५ असेल तर ८ नं गुणा, तीन घरं. आणि ४ किंवा ८ नं गुणायला पाढा लागत नाही, दुप्पट करत जायचं, ४ साठी दोनदा आणि ८ साठी तीनदा. दुप्पट तर भाजीवाली पण तोंडी करते.

पाचचं उदाहरण सोपं आहे, लवकर उरकतो. पाच बायांत ३,८६७ रुपये वाटाचे. दुप्पट ७,७३४. एक घर सरकवलं, ७७३.४. प्रत्येकीला ७७३ रुपये ४० पैसे. ७३५ वगैरे असेल तरी तसंच, दुप्पट १,४७०, उत्तर १४७. झालं.

आता आमची मिरची. १८ किलो ७३० ग्रॅम म्हणजे १८,७३० ग्रॅम, हे भागिले १२५. दुप्पट करत गेलो:

१८,७३० ची दुप्पट ३७,४६०
तिची दुप्पट ७४,९२०
तिची दुप्पट १,४९,८४०

तीनदा झाली, थांबा. आता मागून तीन आकडे सोडून पॉइंट, १४९.८४०. म्हणजे १४९ पुड्या पूर्ण भरतील आणि थोडी मिरची उरेल. इथपर्यंत सगळं बरोबर, आणि चूक इथूनच सुरू झाली.

मी वहीत लिहिलं, "पुड्या १४९, शिल्लक ८४ ग्रॅम". संध्याकाळी पुड्या भरून झाल्या, मोजल्या तर १४९ च, पण टोपल्यात उरलेलं तिखट काट्यावर ठेवलं तर १०५ ग्रॅम. वहीपेक्षा २१ ग्रॅम जास्त. आमच्या काकू लगेच म्हणाल्या, "काहून गा, एवढी मिरची वरून पडली का? पुड्या कमी भरल्या तुम्ही, गिऱ्हाईक बोंबलन ना!" मग काय, सील केलेल्या पुड्या एकेक करून परत काट्यावर, दीड तास, सगळ्या जणी शिंकत. आणि पुड्या सगळ्या बरोबर निघाल्या. चूक वहीत होती, म्हणजे माझी.

कारण असं की पॉइंटच्या मागचं .८४ हे ग्रॅम नव्हतं. ते पुडीचा हिस्सा होता. एक पुडी पूर्ण म्हणजे १, तर .८४ म्हणजे शंभरात ८४ भाग भरलेली पुडी, आणि पुडी आहे १२५ ग्रॅमची, १०० ची नाही. तिचे ८४ टक्के म्हणजे १०५ ग्रॅम. काटा खरं बोलत होता.

उरलेलं काढायची सोपी रीत पण यातच आहे, आपण ज्यानं गुणलं त्यानंच मागचा भाग परत भागायचा. ८ नं गुणून तीन घरं सरकवली ना, मग पॉइंटमागचे तीनही आकडे घ्या, ८४०, आणि ८ नं भागा, १०५. असं का, तर सुरुवातीला आपण सगळी मिरची, म्हणजे उरणारी पण, आठपट करून ठेवली होती, मग तिला परत आठात आणायलाच पाहिजे. तिन्ही आकडे घ्याचे हे लक्षात ठेवा, शेवटचा शून्य फालतू समजून ८४ ले ८ नं भागलं तर साडेदहा येते आणि परत भांडण.

ताळा करून बघा, १४९ गुणिले १२५ म्हणजे १८,६२५, त्यात १०५ मिळवा, १८,७३०. जुळलं.

२५ मध्ये ही चूक झाली तर लवकर पकडली जाते. समजा राइस मिलमधून १,३४० किलो तांदूळ आला आणि २५ किलोचे कट्टे भराचे आहेत. दुप्पट २,६८०, परत दुप्पट ५,३६०, दोन घरं सरकवली, ५३.६०. कट्टे ५३. आता कोणी म्हणलं की ६० किलो उरला, तर शेजारचं पोट्टं पण हसेल, कारण ६० किलोत अजून दोन कट्टे भरतात ना. ६० ले ४ नं भागा, १५ किलो उरला, हे खरं. तर ओळखायची खूण ही, शिल्लक कधी पण कट्ट्यापेक्षा कमीच पाहिजे. पण आमच्या ८४ सारखा आकडा १२५ पेक्षा लहानच असते, तो गुपचूप बसून राहते आणि कोणाले संशय येत नाही. म्हणून १२५ मध्ये खुणेवर भरोसा ठेवू नका, ८ नं भागाच.

मग वर पाच बायांत पैसे वाटताना .४ चे सरळ ४० पैसे कसे केले, असं कोणी विचारेल. तिथं आपण काही उरवलंच नव्हतं, रुपयाचे पण तुकडे करून वाटले, आणि रुपयाचे पैसे १०० च असतात म्हणून पॉइंट चालला. पण कोणी म्हणलं की सुट्टे नाहीत, पूर्ण रुपयेच द्या, तर .४ मधला ४ भागिले २, म्हणजे २ रुपये वाटून उरतात, ते चहाले.

अजून एक भानगड काट्याची. आपला इलेक्ट्रॉनिक काटा ग्रॅम दाखवत नाही, किलो दाखवतो, १८.७३० असं. आमच्या एका वहिनीनं तोच आकडा घेतला, ८ नं गुणला, १४९.८४ आलं, मग नियमाप्रमाणं तीन घरं पण सरकवली आणि ०.१४९८४ झालं, एक पुडी पण भरत नाही! तिची गंमत झाली पण चूक समजण्यासारखी होती. किलोमध्ये आकडा असेल तर पुडी १२५ नाही, ०.१२५ किलो आहे, आणि एका किलोत अदपाव आठच बसतात, मग नुसतं ८ नं गुणा, पॉइंटले हात लावायचा नाही. मोठा आकडा असेल तर मी स्वतः पण असंच करतो, किलो वेगळे, वरचे ग्रॅम वेगळे. १८ किलोच्या १८ आठे १४४ पुड्या, वरच्या ७३० ग्रॅमची आठपट ५,८४०, तीन घरं, ५.८४. दोन्ही मिळून १४९.८४. यात तीनदा मोठमोठे आकडे दुप्पट कराची गरज नाही, तोंडी होते.

लहान आकड्यात शून्याची चूक होते, ती पण सांगतो. पुडीवर तारीख लिहायला १२ रुपयाचा स्केचपेन आणला, १२५ पुड्या लिहून झाल्यावर तो संपला, तर पुडीमागं खर्च किती? १२ आठे ९६. आता तीन घरं सरकवाची पण आकडे दोनच आहेत, तर लोक घाईत ०.९६ लिहून टाकतात, म्हणजे पुडीमागं जवळपास रुपया. अहो रुपया असता तर १२५ पुड्यांले सव्वाशे रुपये लागले असते, पेन तर १२ चा आहे! जागा कमी पडली की पुढं शून्य लावून तीन पूर्ण करायचे, ०९६, आणि मग पॉइंट, ०.०९६. म्हणजे दहा पैशापेक्षा थोडं कमी.

आधीच पॉइंट असलेला आकडा आला तरी घाबराचं काम नाही, जिथं आहे तिथूनच घरं मोजाची. ४३७.५ भागिले २५, चौपट १,७५०, दोन घरं, १७.५.

ही पद्धत कुठं चालत नाही तेही बघून घ्या. आता गटात बोलणं चालू आहे की पुडी १५० ग्रॅमची कराची. १५० मध्ये ३ लपलेला आहे, आणि ३ ले कितीही पटीनं गुणलं तरी १०, १०० किंवा १००० होत नाही. १८,७३० ची दुप्पट ३७,४६०, दोन घरं सरकवली, ३७४.६, इथपर्यंत ५० नं भागून झालं, आता ३ नं भागाचं बाकी राहते आणि ते १२४.८६६६ असं चालतच राहते, संपतच नाही. पुड्या १२४ हे कळते, पण शिल्लक पॉइंटमागून काढायच्या भानगडीत तिथं पडू नका. सरळ १२४ गुणिले १५० करा, १८,६०० येते, ते १८,७३० मधून वजा करा, १३० ग्रॅम.