या चुका टाळा: ‘मोल’ लिहिलंत, पण कशाचे?

बुरेटमध्ये कॉस्टिक सोडा, कॉनिकल फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड आणि फेनॉल्फथॅलीनचे दोन थेंब. रंगहीन द्रावणावर टिकणारी फिकट गुलाबी छटा आली की बुरेट बंद. प्रात्यक्षिकात इथपर्यंत बहुतेकांचा हात नीट चालतो. गडबड होते ती नंतर, जर्नलमध्ये गणित मांडताना. सर ‘एककं लिहा’ म्हणतात, मुलं इमानदारीत ग्रॅम, मोल, लिटर लिहितात, ते एकमेकांना कापतात आणि तरीही उत्तर चुकतं. कारण एकक अर्धंच लिहिलेलं असतं.

दादर स्टेशनबाहेर ‘एक डझन द्या’ म्हणालात, तर समोरून पहिला प्रश्न येईल: कशाचं? मोलच्या बाबतीत हाच नियम आहे. १९७१ साली मोलची व्याख्या झाली तेव्हाच त्यात म्हटलं होतं की मोल वापरताना कण कोणते ते सांगितलं पाहिजे. २०१९ मध्ये व्याख्या बदलून ६.०२२१४०७६ × १०²³ हा आकडा पक्का ठरवला, पण ‘कशाचे?’ हा प्रश्न काही सुटला नाही.

एकच प्रयोग शेवटपर्यंत नेऊन पाहू. ऑक्झॅलिक ॲसिडचे ३.१५ ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून द्रावण २५० मिलिलिटर केलं. त्यातलं १० मिलिलिटर पिपेटने फ्लास्कमध्ये घेतलं. बुरेटमधला सोडा लागला १८.४ मिलिलिटर, हे सी.बी.आर., म्हणजे पुन्हा पुन्हा तेच आलेलं रीडिंग. सोड्याची मोलॅरिटी किती?

सोडाच वजन करून का घेत नाहीत, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. NaOH च्या गोळ्या हवेतलं बाष्प ओढून घेतात. पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर गोळ्या बघता बघता ओलसर, चिकट होतात, शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषतात. तराजूवर ४ ग्रॅम दिसले तरी त्यात सोडा किती आणि पाणी किती, कळत नाही. म्हणून वजन ऑक्झॅलिकच्या खड्यांचं करायचं आणि सोडा त्यांच्याशी ताडून पाहायचा.

आता मांडणी. प्रत्येक एककाला पदार्थाचं नाव चिकटवलं आहे:

३.१५ ग्रॅम खडे ÷ (१२६ ग्रॅम खडे प्रति मोल ऑक्झॅलिक) = ०.०२५० मोल ऑक्झॅलिक

०.०२५० मोल ऑक्झॅलिक ÷ ०.२५० लिटर ऑक्झॅलिक द्रावण = ०.१०० मोल ऑक्झॅलिक प्रति लिटर ऑक्झॅलिक द्रावण

ही मोलॅरिटी × ०.०१०० लिटर ऑक्झॅलिक द्रावण = ०.००१०० मोल ऑक्झॅलिक

०.००१०० मोल ऑक्झॅलिक × (२ मोल सोडा / १ मोल ऑक्झॅलिक) = ०.००२०० मोल सोडा

०.००२०० मोल सोडा ÷ ०.०१८४ लिटर सोडा द्रावण = ०.१०८७, म्हणजे ०.१०९ मोल सोडा प्रति लिटर सोडा द्रावण

लिहायला लांबलचक वाटतं, मान्य. पण नेहमीच्या चुका नेमक्या या नावांच्या जागीच होतात.

सगळ्यात फसवी चूक पहिल्या ओळीत आहे. वर्गात ऑक्झॅलिक ॲसिड H₂C₂O₄ म्हणून शिकवतात, त्याचं मोलर मास ९०. बाटलीतले खडे मात्र H₂C₂O₄·2H₂O असतात. पाण्याच्या दोन रेणूंचे ३६ मिळवले की १२६. कोणी ९० ने भागलं तर ३.१५ ग्रॅमचे ०.०३५० मोल होतात आणि सोड्याची मोलॅरिटी ०.१५२ येते. ‘ग्रॅम भागिले ग्रॅम प्रति मोल’ इतकंच लिहिलं असेल तर एककं चोख कापली जातात, चुकीचा मागमूस राहत नाही. पण वर ‘ग्रॅम खडे’ आणि खाली ‘ग्रॅम H₂C₂O₄’ असं लिहिलं की दोन्ही एकमेकांना कापत नाहीत, ओळ तिथेच अडते. म्हणून मोलर मास घेण्याआधी बाटलीचं लेबल वाचावं, पुस्तकातलं सूत्र नव्हे.

दुसरी चूक चौथ्या ओळीतली. समीकरण असं आहे:

H₂C₂O₄ + 2NaOH → Na₂C₂O₄ + 2H₂O

घाईत M₁V₁ = M₂V₂ वापरलं की २ गळून पडतो आणि उत्तर निम्मं, म्हणजे ०.०५४३ येतं. हे सूत्र द्रावण पातळ करण्यासाठी आहे. तिथे आधी आणि नंतर पदार्थ तोच असतो, म्हणून मोलही तेच राहतात. टायट्रेशनमध्ये पदार्थच बदलतो. ‘मोल ऑक्झॅलिक’वरून ‘मोल सोडा’वर जायला गुणोत्तराचा पूल लागतोच. पूल उलटा टाकला, म्हणजे १/२ ने गुणलं, तर उत्तर ०.०२७२ इतकं घसरतं. नावं लिहिली असतील तर वर ‘मोल ऑक्झॅलिक’चा वर्ग आणि खाली ‘मोल सोडा’ असं काहीतरी विचित्र उरतं, आणि पूल फिरवायला हवा हे तिथल्या तिथे कळतं.

नॉर्मॅलिटीने करणाऱ्यांचा २ मात्र वेगळ्या ठिकाणी हरवतो. N₁V₁ = N₂V₂ इथे चालतं, पण ०.१ मोलर ऑक्झॅलिक म्हणजे ०.२ नॉर्मल. जर्नलच्या एका पानावर N आणि दुसऱ्यावर M असेल आणि ०.१ हा आकडा तसाच उचलला, तर पुन्हा निम्मंच उत्तर मिळतं.

आकारमानाचा गोंधळ दोन प्रकारचा. पहिला मिलिलिटरचा. ०.०२५० मोलला २५० ने भागून ०.०००१ आलं तर घाबरू नका, ते चूक नाही, ते मोल प्रति मिलिलिटर आहे. त्यालाच मोलॅरिटी म्हणून पुढे नेलं की चूक होते. दुसरा गोंधळ म्हणजे कुठलं आकारमान. इथे तीन आकारमानं आहेत, २५०, १० आणि १८.४, आणि शेवटच्या ओळीत हाताला लागेल त्याने भागलं जातं. १० मिलिलिटरने भागलं तर ०.२ असं गोंडस, पटण्यासारखं उत्तर येतं. म्हणून ‘लिटर’पुढे ‘ऑक्झॅलिक द्रावण’ की ‘सोडा द्रावण’ हे लिहायचंच. सोड्याची मोलॅरिटी हवी, तर भागाकारात सोड्याचंच द्रावण.

प्रति लिटर किती ग्रॅम सोडा असंही विचारतात, तेव्हा ०.१०९ ला ४० ने गुणू नका. त्याने ४.३६ येतं. कॅल्क्युलेटरवरचा ०.१०८७ ठेवून गुणलं तर ४.३५. राउंड ऑफ शेवटच्या ओळीतच करावं.

नावासकट एककं ज्याला धरू शकत नाहीत, ते म्हणजे खुद्द रीडिंग. बुरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला आणि टायट्रेशनच्या मध्येच निघून गेला, तर ती जागा सोड्याने भरते आणि तो सोडा फ्लास्कमध्ये न पडताच मोजला जातो. १८.४ ऐवजी १८.७ वाचलं जातं आणि मोलॅरिटी ०.१०७ निघते. कागदावर सगळं जुळलेलं दिसतं. एखादं रीडिंग बाकीच्यांपेक्षा असं ०.३ ने वाढलेलं दिसलं, तर गणित तपासत बसू नका. कॉक पूर्ण उघडून टोकातली हवा काढा, बुरेट पुन्हा शून्यापर्यंत भरा आणि ते टायट्रेशन नव्याने करा.