परत आलात? आधी एनआरई खात्याचं बघा

दुबईहून कायमचे परत आलात की बँकेला लगेच लेखी कळवा. अनिवासी भारतीयांसाठीचं एनआरई खातं तसंच ठेवता येत नाही, ते निवासी खात्यात बदलावं लागतं. बँकेला हे आपोआप कळत नाही. ती व्याजावर टीडीएस कापत नाही, म्हणून पासबुकात सगळं ठीक दिसतं. पण कायमचं परतल्यापासून ते व्याज करपात्र होतं.

समजा २० लाखांची ठेव ७ टक्क्यांनी आहे. वर्षाचं व्याज १,४०,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ११,६६७. तुमच्या सर्वांत वरच्या उत्पन्नावर २० टक्के कर लागत असेल, तर उपकर धरून २९,१२० रुपये जातील आणि हातात महिना ९,२४० उरतील. घरखर्चाचं अंदाजपत्रक याच आकड्यावर बांधा.

मुलं अजून परदेशात शिकत असतील, तर सगळे पैसे निवासी खात्यात घालू नका. त्यांच्या फीपुरते आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीच्या परकीय चलनाच्या खात्यात ठेवा. ते परकीय चलनात राहतात आणि पुन्हा बाहेर पाठवता येतात. अनिवासी असताना परकीय चलनात केलेली एफसीएनआर ठेव मात्र मोडायची गरज नाही, ती मुदतीपर्यंत ठरलेल्या दरानेच चालते.